रॅकेटवर शून्य डास

निवृत्त ऑडिटरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे खर्च कापले होते. आता घरात कापण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मुनीम या कुत्र्याची दर महिन्याची गोळी. सुनेने मुनीमला पिल्लू असताना आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की डास चावून हृदयात जंत होतात, म्हणून गोळी बारा महिने द्यायची.

"बारा महिने डास असतात, याला पुरावा?" ऑडिटरांनी विचारलं आणि पुरावा स्वतःच गोळा केला. रोज संध्याकाळी आपल्या खोलीत डास मारायची रॅकेट घेऊन बसायचे आणि मेलेले डास वहीत टिपायचे. पावसाळ्याचे चार महिने आकडे भरघोस, पुढचे आठ महिने शून्य. त्या आठ महिन्यांची गोळी बंद झाली. सून कुरकुरली, पण वहीपुढे तिचं काय चालणार? अशी दोन वर्षं गेली.

मग मुनीम खोकू लागला. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसकण मारू लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे थेंब तपासून सांगितलं, जंत आहेत.

"पावसाळ्यात नियमाने दिली की," ऑडिटर म्हणाले.

"बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी डासाला अडवत नाही आणि मोठ्या जंताला मारत नाही. गेल्या महिन्याभरात शरीरात शिरलेली पिल्लं तेवढी मारते. तुम्ही गोळीला सुट्टी दिलीत आणि ती पिल्लं वाढली. हा झोपतो कुठे?"

"गॅलरीत, कुंड्यांपाशी," सुनेने सांगितलं. कुंड्यांखालच्या बश्या ऑडिटर रोज स्वतः पाण्याने काठोकाठ भरत. त्यांची खोली मात्र जाळ्या लावून बंद. पावसाळ्यातली झुंबड सोडली, तर तिथे डास शून्यच निघायचे!

उपचार लांबलचक होता. आधी काही आठवडे औषधं, मग कमरेच्या स्नायूत तीन इंजेक्शनं. डॉक्टरीणबाईंचा आवाज इथे बदलला. "जंत मरताना त्यांचे तुकडे फुप्फुसाच्या नसांत अडकतात. तो धावला, उड्या मारल्या, तर जिवावर बेतेल. कित्येक महिने पूर्ण विश्रांती. तो सर्वांत जास्त नाचतो कोणाला बघून?"

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. ऑडिटर टेबलावरचा कापूस न्याहाळत राहिले.

पहिलं इंजेक्शन झाल्यापासून ऑडिटर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने फिरायला जातात, अनवाणी, चपला हातात. चपलांचा आवाज झाला की मुनीम उठतो. बश्या त्यांनी उपड्या घातल्या आहेत. काल खालच्या शेजाऱ्यांनी त्यांना जिन्यातच गाठलं. त्यांनीही नुकतंच कुत्रं आणलंय. "ती गोळी कोरड्या महिन्यांत नाही दिली तरी चालते, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

ऑडिटरांनी आधी वर, आपल्या दाराकडे बघितलं.

"हळू बोला," ते कुजबुजले. "आणि दर महिन्याला द्या."

वर दारामागे शेपटी एकदाच आपटली. ऑडिटर श्वास रोखून तसेच उभे राहिले.