टाच उचला

माणसाचा सगळा ताठा मांडीच्या पुढच्या स्नायूवर उभा असतो. निदान हाडांचे डॉक्टर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना असं सांगत आणि क्षणभर थांबत. त्या क्षणात विद्यार्थी जांभया देत. मग मुद्दा येई : "गुडघा सुजलाय? आधी पेशंटला झोपवा, कपडे वर करा आणि पाय सरळ ठेवून टाच उचलायला सांगा. एक्सरे नंतर. टाच उचलत नसेल तर स्नायू ते नडगी या साखळीत काहीतरी तुटलंय. गुडघ्याच्या वाटीच्या वरचा स्नायूचा पट्टा तुटला तर वाटी खाली घसरते, खालचा तुटला तर वर चढते. हे जो विसरेल त्याने दुकान टाकावं."

स्वतःच्या सासऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर हे साफ विसरले.

सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेही आणि कडक इस्त्रीचे. जिना उतरताना शेवटची पायरी चुकली. पाऊल जमिनीला टेकलेलं, गुडघा वाकलेला आणि सगळं अंग त्याच्यावर. पडताना सावरायला मांडीने जोर लावला, तेवढ्यात आतून 'फट्' आवाज आला. संध्याकाळी डॉक्टर सासुरवाडीला पोचले तेव्हा सासरे सोफ्यावर पाय पसरून बसले होते, पँटची घडी अजून शाबूत.

"जावईबापू, काहीतरी फाटल्यासारखं झालं बघा."

"बाबा, मुरगळल्यावर वाटतं तसं."

इथे पँट उतरवायला सांगायची होती. पण लग्नाला वीस वर्षं होऊनही डॉक्टर या माणसासमोर पाय क्रॉस करून बसत नसत. त्यांना पँट काढा कसं म्हणायचं? त्यांनी कापडावरूनच गुडघा चाचपला. सूज होतीच, सुजेत काय कळणार! आधीच काढून फोनवर पाठवलेला एक्सरे पाहिला. फ्रॅक्चर नव्हतं.

"मुका मार आहे. गुडघ्याला बाहेरून पट्टा लावू, आराम करा."

तो लांब पट्टा इतका उत्तम निघाला की त्याने पाय काठीसारखा सरळ धरून ठेवला आणि सासरे घरभर हिंडू लागले. जावयाचं कौतुक शेजारपाजारपर्यंत गेलं. कित्येक आठवडे गेले, दुखणं थांबलं. पट्टा सोडला आणि त्याच दिवशी बाथरूमच्या उंबऱ्यावर गुडघा दुमडून सासरे पडले.

"तू नक्की बघितलं होतंस ना?" बायकोने विचारलं.

"बघितलं म्हणजे काय! बघितलंच," डॉक्टर म्हणाले आणि चहात साखर नसताना चमचा ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना दवाखान्यात आणवलं. नर्सने गाऊन दिला, त्यामुळे पँटचा प्रश्न आपोआप सुटला.

"बाबा, टाच उचला."

मांडी थरथरली. टाच गादीला चिकटून राहिली.

"उचलतोय की."

डॉक्टरांनी वाटीच्या वर बोट ठेवलं. तिथे स्नायूचा घट्ट पट्टा हाताला लागायला हवा होता. बोट खड्ड्यात गेलं. त्यांनी जुना एक्सरे पुन्हा उघडला. वाटी खाली घसरलेली होती. पहिल्या दिवसापासून.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी जेल लावून प्रोब फिरवला. पडद्यावर स्नायूच्या पट्ट्याच्या समांतर रेघा येत होत्या, मध्येच तुटत होत्या, आणि काळ्या पोकळीपलीकडे दुसरं टोक वर मांडीकडे आक्रसलेलं होतं. गुडघा जरासा वाकवला की पोकळी रुंदावे.

"पूर्ण तुटलंय. जुनं आहे," त्या फणकारल्या. "पहिल्या दोनेक आठवड्यांत टाके घातले असते तर टोकाला टोक भिडलं असतं. आता स्नायू आखडला, कडा चिकटल्या. वरचं टोक लांबवूनच खाली आणावं लागेल आणि ताकद पूर्ण येईल याची हमी नाही. कुठल्या शहाण्याने हे मुरगळलं म्हणून सोडलं?"

सासरे छताकडे बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. डॉक्टरांना वाटलं, ते आता सांगतील. सासऱ्यांनी फक्त गाऊनची कड सरळ केली, आणि डॉक्टरांना तेच जास्त लागलं.

"मीच," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी प्रोब पुसला. नीट, खूप वेळ.

खोलीत दोघेच उरल्यावर डॉक्टरांनी सगळं सांगितलं : ऑपरेशन दुसऱ्या सर्जनकडून करून घेऊ, मोठं होईल, नंतर बरेच महिने व्यायाम, पायऱ्या कदाचित पूर्वीसारख्या नाहीत. "तेव्हाच कळायला हवं होतं, बाबा. चूक माझी."

"कळण्यासारखं होतं?"

"टाच उचलायला सांगितलं असतं तर लगेच."

"मग सांगितलं का नाहीत?"

डॉक्टर फरशीकडे बघत म्हणाले, "तुम्हाला पँट काढायला सांगायची लाज वाटली."

सासऱ्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. वर्गात चुकार मुलगा उभा केल्यावर न्याहाळत असतील तसं.

"अहो जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी फिरायला निघालो होतो. पँटच्या आत हाफपँट होती."