आधी कोणाचा हुद्दा

ते दोन हजार नऊ साल होतं. कोरियन कंपनीच्या खरेदी विभागात चिमणी नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं. सगळे तिला चिमणीच म्हणत. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. वडील गेल्यापासून घरात मिळवती ती एकटीच.

इंग्रजी मेल लिहायला तिला साहेबांनी शिकवलं. साहेब म्हणजे विभागाचे कोरियन प्रमुख, हुद्द्याने जनरल मॅनेजर. ते म्हणायचे, "वरच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. आडनाव आणि हुद्दा. दोघं असले तर मोठा आधी."

मग एका सोमवारी साहेबांचं प्रमुखपद गेलं. हुद्दा तेवढा राहिला. टेबल खिडकीजवळून झेरॉक्स मशीनपाशी आलं. त्यांच्या जागी बसला तो त्यांनीच हाताला धरून तयार केलेला डेप्युटी जनरल मॅनेजर. आता तो टीम लीडर.

अडकलेल्या मालाची मेल चिमणीने दोघांना पाठवली, हेड ऑफिसला प्रत. वर लिहिलं: आधी जनरल मॅनेजर, मग डेप्युटी जनरल मॅनेजर.

"अगं बये, काय करून बसलीस!" शेजारच्या टेबलावरचा दादा ओरडलाच.

"का? साहेबांचा हुद्दा मोठा नाही?"

"हुद्दा गेला खड्ड्यात! खुर्ची कोणाची? त्याला टीम लीडर म्हणायचं, आणि तोच आधी. आता हेड ऑफिसला वाटणार, म्हातारा मागून विभाग चालवतोय."

दुपारी काचेच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब आधीच उभे होते. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

"या विभागात मी कोण आहे?" टीम लीडरने विचारलं. "असं लिहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, सर. मीच..."

"मी सांगितलं," साहेब म्हणाले.

"नाही सर, साहेबांनी..."

"तू गप्प बस! तुला कोणी विचारलंय?" वर्षभरात साहेब तिच्यावर कधी खेकसले नव्हते. त्यांनी मान खाली घातली, कालपर्यंत आपल्या हाताखाली असलेल्या माणसापुढे.

महिनाअखेर ती कायम झाली. साहेबांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिला पाठीशी घातल्याचा लोकांना संशय आला असता.

ते मायदेशी मुलीकडे राहिले आणि तिसऱ्या वर्षी वारले, असं नंतर कळलं. टीम लीडर चढत चढत संचालक झाला. दादा दुसऱ्या कंपनीत गेला, तिथे त्याचं बरं चाललं. चिमणीने धाकट्या बहिणीचं शिक्षण केलं, आईचं म्हातारपण काढलं. पंधरा वर्षं तिने त्याच विभागात मेल लिहिल्या, आणि पुन्हा एकदाही चुकली नाही.