कचरा.txt

नळ जिथे गळतो तिथून डावीकडे.

बेल वाजत नाही, आवाज द्यावा.

चौधरींची काळी म्हैस बांधलेली असते त्याच्या मागे.

द्वारा नीला आंटी, टिफिनवाल्या.

जिना बाहेरून आहे.

ही वाक्यं एकाखाली एक, कुणाचा कुणाशी संबंध नसल्यासारखी, गुडगावातल्या एका काचेच्या इमारतीत उन्नती मेश्रामच्या मशीनवर पडून होती. ज्या फाइलमध्ये ती होती तिचं नाव उन्नतीनंच ठेवलं होतं, कचरा. इकडे तिच्या खुर्चीमागे तिचा चुलतभाऊ प्रफुल्ल, मुनिरक्याहून दोन बस बदलून आलेला, घामाघूम उभा होता.

“ताई, फोनवर तू म्हणालीस की मी पत्ता चुकीचा लिहिला,” प्रफुल्ल म्हणाला. “मग दाखव ना कुठं चुकलं ते. येत्या रविवारी पेपर आहे आणि हॉल तिकीट नाही. खोलीतल्या तिघांपैकी कुणालाच आलं नाही. तिघंही चुकलो का?”

“तिघं मिळून एकाची नक्कल केली असेल,” उन्नती हसून म्हणाली. “बस. आत्ता दाखवते.”

तिला खात्री होती. म्हणून तर तिनं रिसेप्शनवर सही करून त्याला आत आणलं होतं. एका भरती परीक्षेची हॉल तिकिटं छापून पाकिटांवर पत्ते चिकटवण्याचं काम तिच्या कंपनीकडे होतं. परीक्षा घेणाऱ्यांनी उमेदवारांची फाइल पाठवली. तिच्यात माहितीच्या दोन तुकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम. छपाईच्या मशीनला मात्र स्वल्पविरामाच्या जागी टॅब लागायचे, आणि एका उमेदवाराची एकच ओळ. हे रूपांतर उन्नतीनं केलं. पत्त्यांतही स्वल्पविराम असतात, पण असा पत्ता दुहेरी अवतरणात असतो, आणि अवतरणाच्या आतला स्वल्पविराम तोडायचा नसतो, हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. नमुन्यासाठी तिनं नॉयडातल्या सेक्टरचे पत्ते घेतले. बी-बारा, सेक्टर पंधरा. सगळे नीट बसले. पद्माकर सर, तिचे मूळचे पुण्याचे टीम लीडर, पाठ थोपटून म्हणाले होते, “बिल्कुल क्लीन, यार!”

काही ओळी अर्धवट आल्या होत्या. कुठं कॉलम कमी, कुठं नुसताच शेपटासारखा तुकडा. तेवढं मशीननं गिळलं नसतं, म्हणून उन्नतीनं ते बाजूला काढले आणि काम पुढे पाठवलं.

तिनं छपाईला गेलेल्या फाइलमध्ये प्रफुल्लचं नाव शोधलं.

नव्हतं.

“बघ,” ती म्हणाली, पण काय बघायचं ते तिला सांगता आलं नाही. मग तिनं बाजूला काढलेल्या तुकड्यांची फाइल उघडली आणि पुन्हा नाव शोधलं. ते सापडलं. स्क्रीनवर वर फाइलचं नाव ठळक होतं आणि खाली हे होतं:

4417,प्रफुल्ल मेश्राम,"मागची खोली, मुनिरका गाव,
नळ जिथे गळतो तिथून डावीकडे",110067

प्रफुल्लनं पुढे वाकून ते वाचलं. त्यानं आधी वरचं नाव वाचलं हे उन्नतीला त्याच्या मानेवरून कळलं.

“कचरा,” तो म्हणाला. रागानं नाही. बसच्या पाटीवरचं नाव वाचावं तसं.

“अरे, ते आपलं… फाइलला काहीतरी नाव द्यावं लागतं.”

“हो ना. काहीतरी. पण पत्ता बरोबर आहे की नाही? पोस्टमनला नळच सांगावा लागतो. गल्लीला नंबर असता तर नंबर लिहिला असता. तूच मला दिल्लीत आल्या दिवशी शिकवलंस, पूर्ण पत्ता लिही म्हणून.”

उन्नतीला आता ओळ दिसत होती, आणि आपली चूक त्या ओळीत कुठं बसली आहे तेही. प्रफुल्लनं पत्त्यात मध्येच एंटर मारला होता. अवतरण पहिल्या ओळीत उघडत होतं आणि दुसऱ्या ओळीत बंद होत होतं. त्या दोन्ही मिळून एकच उमेदवार. तिचा प्रोग्राम मात्र फाइल ओळीओळीनं वाचायचा; ओळ संपली की उमेदवार संपला असं धरायचा. अवतरण उघडं राहिलंय हे पुढच्या ओळीत जाताना तो विसरायचा, आणि ‘डावीकडे’च्या पुढचं बंद करणारं अवतरण त्याला नवीन उघडणारं वाटायचं. म्हणून दोन अर्धी माणसं. आणि दोन्ही अर्ध्यांना तिनं हातानं बाहेर काढलं होतं.

सेक्टरवाल्यांचे पत्ते एका ओळीत मावत होते. मावले नाहीत ते शहराच्या पोटातल्या गावांचे, मुनिरक्याचे, बेर सरायचे, नथुपूरचे. आपण स्वतः आर.के.पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, आणि बाबा, वाल्मीक मेश्राम, तिथं यायच्या आधी अशाच कुठल्या गल्लीत राहत होते, हे तिला आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

“काय चाललंय? गेस्ट?” पद्माकर सर मागून आले. स्क्रीनकडे पाहताच त्यांच्या लक्षात आलं. “अच्छा. हे होतं होय. लोक पत्त्यात एंटर कशाला मारतात, कमाल आहे! क्लायंटला मेल टाक, तुमच्या डेटात फालतू लाइन ब्रेक होते. आपण काढून टाकले. चलो, संपलं.”

“सर, हा माझा भाऊ. ह्याचीच ओळ आहे ती.”

सरांनी प्रफुल्लकडे पाहिलं. “सॉरी हं,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले. “मग मेलचं काय करायचं?”

“आधी फाइल नीट करते.”

तिनं ओळीओळीनं वाचणं काढून टाकलं. आता प्रोग्राम एकेक अक्षर वाचणार, आणि अवतरणाच्या आत आहोत की बाहेर एवढं सतत लक्षात ठेवणार. आत असताना स्वल्पविराम तसाच. ओळ मोडली तर तिथं एक मोकळी जागा. आत एखादा टॅब निघाला तर तोही मोकळी जागाच, नाहीतर छपाईच्या वेळी तिथून नवा कॉलम सुरू होईल. एकाला लागून एक अशी दोन अवतरणं आली तर ते मजकुरातलंच एक अवतरण. बाहेर असताना ओळ संपली तरच उमेदवार संपला. चालवून पाहिलं. परीक्षा घेणाऱ्यांनी कळवलेली उमेदवारांची संख्या आणि निघालेल्या ओळी जुळल्या. पहिल्या वेळी तिनं ही संख्या पाहिलीच नव्हती.

प्रफुल्लची ओळ आता एक होती. नळासकट.

मेल लिहायला बसली तेव्हा तिची बोटं आधी सरांचंच वाक्य टाइप करून गेली. फालतू लाइन ब्रेक. मागे प्रफुल्लच्या श्वासाचा आवाज येत होता. तो वाचत नव्हता, खिडकीबाहेरची क्रेन बघत होता, आणि त्यामुळेच तिला जास्त लाज वाटली. तिनं वाक्य पुसलं. ‘फाइल बरोबर होती. रूपांतरात चूक माझी झाली. वगळलेल्या उमेदवारांची यादी जोडली आहे, त्यांची तिकिटं आजच कुरियरनं पाठवावी लागतील,’ असं लिहून तिनं खाली आपलं नाव घातलं. ह्या वेळी सरांनी पाठीवर हात ठेवला नाही.

ती त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली.

“कुरियरवाल्याला खोली मिळेल ना?” तिनं विचारलं.

“मी नळापाशी उभा राहतो,” प्रफुल्ल म्हणाला. “ताई, पुढच्या वेळी एका ओळीत लिहू काय? म्हणजे तुला त्रास नको.”

“काहून?” ती एकदम बोलून गेली. घरचा, विदर्भाकडचा शब्द ती ऑफिसात कधी वापरत नसे.

लिफ्टचं दार बंद झालं. ती परत येऊन बसली आणि फाइलचं नाव बदलायला गेली, पण दुसरं कुठलंच नाव सुचेना, तेव्हा तिनं ते तसंच ठेवलं.

परीक्षेच्या ऑनलाइन फॉर्मवर पत्त्यासाठी चार ओळी आखलेल्या होत्या.