वीसच्या शेजारपाजारची रेषा

प्रयोगशाळेतली टाकी सत्तर सेंटिमीटर उंच, वरून नळाची आवक, बुडाशी भोक, पाणी वीसवर स्थिर. परीक्षक बाईंपुढे पास व्हायचं, तर पुढची पातळी आधी सांगायची होती. विद्यार्थ्याने वीसभोवती रेषीय केलेलं, म्हणजे वक्राच्या जागी सरळ रेषा धरलेलं, समीकरण मांडलं: आवक दहा टक्के वाढली, तर पातळीचं विचलन चार. पाणी चोवीसच्या जरासं वर थांबलं. बाई खूश.

तिथंच गप्प बसला असता तर!

"मॅडम, आवक दुप्पट करू? विचलन चाळीस, म्हणजे पातळी साठ. टाकी पुरेल."

टाकी पुरली नाही. बाईंच्या चपला भिजल्या.

"अरे शहाण्या, भोकातून पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने जातं. तुझी रेषा वीसच्या शेजारपाजारची. तिला परगावी कशाला धाडलंस? खरी पातळी किती हवी?"

"दुपटीला चौपट. ऐंशी," तो फरशी पुसत म्हणाला.

"पास. तो कोपराही पूस."