पंचावन्न आणि तीन

वर्गात सगळे तिला काकू म्हणत. वय बावन्न, आणि बाकीची मंडळी वीस-बावीसची. मग दुसरं काय म्हणणार? नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती. लेक सातासमुद्रापलीकडे. रविवारी फोन करायची, तोही दहा मिनिटं, आणि त्यातली चार ‘ऐकू येतंय ना’ विचारण्यात जायची. घर अगदी खायला उठायचं. म्हणून काकूंनी संध्याकाळच्या संगणक वर्गात नाव घातलं. चार माणसं दिसतील, दोन शब्द बोलतील, एवढाच हिशेब. पण माणसं दिसत होती ती आपापल्या पडद्यात डोकं खुपसून, आणि दोन शब्द कुणी बोलत नव्हतं. ‘काकू, जरा सरकता का’ हेच काय ते बोलणं.

गुप्तलेखनाचा विषय आला तेव्हा सरांनी एक मजेशीर गृहपाठ दिला. प्रत्येकाने दोन छोट्या मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. त्यावरून दोन किल्ल्या तयार करायच्या: एक सगळ्यांना सांगायची, एक स्वतःजवळ लपवायची. उघडी किल्ली टेबलावरच्या वहीत आपल्या हजेरी क्रमांकापुढे लिहायची. ज्याला ज्याला निरोप धाडावासा वाटेल त्याने त्या किल्लीने निरोपाचे आकडे करायचे, आणि चिठ्ठी दाराशेजारच्या खोक्यात टाकायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त किल्ली. “किल्ली हाच पत्ता,” सर म्हणाले. ज्याच्याकडे लपवलेली किल्ली असेल तोच निरोप उघडू शकेल. आणि आलेला निरोप प्रत्येकाने आधी हाताने उलगडायचा, मग संगणकाकडून, दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. निरोप कुणी पाठवला ते विचारून त्याचं नावही आपल्या गृहपाठाच्या वहीत लिहायचं, आणि शुक्रवारी दाखवायचं.

आता काकूंच्या मनात काय आलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मी सांगते. उघडी किल्ली म्हणजे सगळ्या जगाला सांगणं की मला लिहा, कुणीही लिहा. बावन्न वर्षांच्या बाईला असं उघडपणे म्हणायला एरवी कुठं मिळतं? इथे तर तो गृहपाठच होता. काकूंनी पहिल्याच संध्याकाळी किल्ली बनवली आणि वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिली.

पाच आणि अकरा घेतले. गुणाकार पंचावन्न. मग प्रत्येकातून एक वजा करून, चार आणि दहाचा गुणाकार, चाळीस. चाळीसशी ज्याचा एकाशिवाय दुसरा सामाईक भाजक नाही असा आकडा हवा, तो त्यांनी तीन घेतला. उघडी किल्ली झाली पंचावन्न आणि तीन. लपवायची किल्ली शोधायला जरा डोकं खाजवावं लागलं: तीनला कशाने गुणलं की चाळीसने भागून बाकी एक उरेल? सत्तावीस. तीन सत्ते एकवीस, हातचे दोन, एक्क्याऐंशी. त्यातून ऐंशी गेले, उरला एक. काकू खुदकन हसल्या. नवरा असता तर पाठ थोपटली असती.

मंगळवारी खोक्यात काकूंसाठी काही नव्हतं, बुधवारी आल्या आल्याही नव्हतं. बाकीचे चिठ्ठ्या काढून एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. काकूंनी स्वतः मात्र मागच्या बाकावरच्या अबोल पोराला एक निरोप धाडला होता, ‘शाबास’ म्हणून. उत्तराची अपेक्षा नव्हती असं म्हणतात खरं, पण दरवेळी त्या खोक्याच्या तळापर्यंत हात घालून चाचपत होत्या.

बुधवारी वर्ग सुटता सुटता त्यांनी पुन्हा एकदा हात घातला. एकच चिठ्ठी राहिली होती. वर लिहिलं होतं: पंचावन्न, तीन. काकूंचा जीव भांड्यात पडला. रस्त्याने घरी येताना त्यांनी पर्स दोनदा उघडून पाहिली, चिठ्ठी आहे ना म्हणून.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही मांडली. आकडे होते: एकवीस, नऊ, पाच, एक. मग जागा. सत्तावीस, सतरा, एक, सतरा, एक. मग जागा. तेरा, सतरा, पंधरा, एकवीस. प्रत्येक आकड्याचा सत्ताविसावा घात करायचा आणि पंचावन्नने भागून बाकी घ्यायची, इतकंच. सत्तावीस वेळा गुणत बसायचं नाही, सरांनी युक्ती सांगितली होती: वर्ग करत जायचं आणि लगेच बाकी घ्यायची, म्हणजे आकडे आटोक्यात राहतात. सत्तावीस म्हणजे सोळा, आठ, दोन आणि एक. काकूंनी चिठ्ठीतल्या सत्तावीसला सत्तावीसने गुणलं, बाकी चौदा. पुढे वर्ग करत एकतीस, सव्वीस, सोळा. मग सोळा, आठ, दोन आणि एक या घातांच्या बाक्या, म्हणजे सोळा, सव्वीस, चौदा आणि सत्तावीस, एकमेकांना गुणल्या. शेवटी उरले तीन. अक्षरं इंग्रजी, ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, तीन म्हणजे सी. सतराचा वर्ग केला तर तिथेही चौदाच! काकूंना वाटलं आपलंच चुकलं, पुन्हा करून पाहिलं. चौदाच. पण शेवटी सतराने गुणायचं असल्याने बाकी आली आठ, एच. एक तर कितीही वेळा गुणला तरी एकच, ए. तासभर गेला, चहा गार झाला. कागदावर अक्षरं बसली, यू डी वाय ए, सी एच ए एच ए, जी एच ई यू.

उद्या चहा घेऊ.

काकू तशाच बसून राहिल्या. काय वाटलं म्हणून सांगू? आपल्याला कुणीतरी बोलावलंय, एवढंच वाटलं, आणि तेवढ्याने डोळे भरून आले. वेडीच बाई. पण मग गृहपाठाची आठवण झाली, संगणकावरही करून पाहायला हवं. आधी नुसत्या आठावर परीक्षा घेतली, त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं, दोन. घातासाठी त्यांनी टोपीचं चिन्ह टाकलं, कागदावर बघितलेलं तेच. संगणक म्हणाला एकोणीस! काकूंनी कपाळावर हात मारला. हाताचं चुकलं म्हणून अख्खी वही पुन्हा तपासली, दोन वेळा. हात बरोबर होता. मदतीचं पान उघडून वाचलं तेव्हा कळलं की त्या भाषेत टोपी म्हणजे घात नव्हे, भलतंच काहीतरी. घातासाठी दोन फुल्या द्याव्या लागतात. दोन फुल्या दिल्या आणि दोन आले. निरोपही तोच निघाला: उद्या चहा घेऊ.

गुरुवारी काकूंनी इस्त्रीची साडी नेसली. वर्गाच्या आधी अर्धा तास उपाहारगृहात जाऊन दाराकडे तोंड करून बसल्या. कोण असेल? तो अबोल पोरगा असेल, शाबासचं उत्तर म्हणून. चष्मेवाली असेल, तिने एकदा पेन परत दिलं होतं. सर तर नक्कीच नाहीत. कुणीही असेना. काकूंनी दोन कप सांगायचं ठरवलं होतं.

वर्गातला उंच मुलगा आणि चष्मेवाली एकत्र आत आले आणि शेजारच्याच टेबलावर बसले. मुलगा कुरकुरत होता की त्याने चिठ्ठी टाकली, आणि हिने वाचलीसुद्धा नाही, शेवटी तोंडाने सांगावं लागलं. चष्मेवाली म्हणत होती की तिने खोकं तीनदा उपसलं, तिच्या किल्लीची एकही चिठ्ठी नव्हती. मग तो वैतागून म्हणाला, “पंचावन्न आणि तीन. तुझीच ना?”

“माझीच,” ती म्हणाली.

काकूंना कळलं. वहीचं पहिलं पानच त्यांनी पाहिलं होतं, आपली आणि त्या अबोल पोराची ओळ होती ते. पुढची पानं उलटायचं डोक्यातच आलं नाही. छोट्या मूळ संख्या त्या किती, आणि सव्वीस अक्षरं मावतील असे सोपे गुणाकार तरी किती! दोघींनी पाच आणि अकराच घेतले, दोघींनी तीनच घेतला. मग लपवलेली किल्लीही एकच, आणि जे तिचं कुलूप तेच यांचं. पंचावन्नचे पाच आणि अकरा करायला तर तसंही मूल पुरतं. सर म्हणत ना, खऱ्या संख्या शेकडो आकडी असतात त्या याचसाठी.

न बोलता उठून जाता आलं असतं. चिठ्ठी पर्समध्ये होती, कुणाला काय कळणार होतं? किल्लीवरून उघडणारी कोण हे ओळखायची सोयच नाही. काकू उठल्या खऱ्या, पण त्या दोघांच्या टेबलाजवळ जाऊन थांबल्या आणि चिठ्ठी पुढे केली. आपली किल्ली तीच आहे, पहिल्या पानावर बघ, चुकून उघडली, असं सांगितलं. मुलाचे कान लाल झाले.

“तुम्ही वाचलीत, काकू?” चष्मेवालीने विचारलं.

“वाचली,” काकू म्हणाल्या. “आणि बरोबर उलगडली.”

ती बिचारी पटकन सरकली, बसा ना आमच्यासोबत म्हणाली. मनापासून म्हणाली असेल. पण दोघांमध्ये तिसरं कशाला बसायचं? काकूंनी काम आहे म्हणून सांगितलं आणि वर्गात जाऊन वहीतली आपली ओळ खोडली. पोरीची राहू दे, तिला लोक लिहितात. नवी किल्ली लिहिली: सात आणि तेराची एक्क्याण्णव, आणि पाच. या वेळी सगळी पानं उलटून पाहिली, तशी दुसरी कुणाची नव्हती. शुक्रवारी दुपारपर्यंत खोक्यात त्या किल्लीची चिठ्ठी आली नाही. चष्मेवालीची एखादी येईल असं काकूंना वाटलं होतं, खोटं कशाला बोलायचं. पण पोरं विसरतात, आणि तिचा स्वतःचा गृहपाठ होताच.

मग काकूंनी स्वतःच एक निरोप लिहिला, स्वतःच्या किल्लीने बंद केला, आणि लिहिणारी आपण नव्हेच असं समजून पहिल्या आकड्यापासून उलगडायला बसल्या. ब्याऐंशीचे झाले दहा, एकतीसचे पाच, एकोणतीसचे बावीस. संगणकानेही तेच सांगितलं.

सरांनी काकूंची गृहपाठाची वही पाहिली. ‘पाठवणाऱ्याचं नाव’ या रकान्यात काकूंचंच नाव होतं. सर थांबले.

“हे तुमचंच नाव आहे.”

“मला कुणी लिहिलं नाही,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचं नाव घातलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं. पण मीच पाठवलाय.”

सर म्हणाले की चालेल, दोन्हीकडचं काम झालंय म्हणजे झालं. मग त्यांनी आकड्यांवर बोट ठेवत उत्तर तपासायला घेतलं, एकेक अक्षर पुटपुटत, मान वर न करता. शेवटी सगळं जोडून वाचलं.

“जेवलीस का.”

“नाही अजून,” काकूंच्या तोंडून निघून गेलं.

सरांचं बोट तिथेच राहिलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. काकूंनी पदर सारखा केला आणि खिडकीकडे पाहिलं. मग सरांनी हलकेच बरोबरची खूण केली, आणि पुढचा हजेरी क्रमांक पुकारायला त्यांना नेहमीपेक्षा जरा वेळ लागला.