आईच्या तोंडचे शब्द

दर बुधवारी कौमुदी आईच्या घरगुती बेकरीची सहा स्लाइडची पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकायची. भाषा ठरलेली होती, पहिल्या स्लाइडवर आईचा वऱ्हाडी दम: "काहून बे, गरम केक कापून राहिला?" लोक हसायचे, ऑर्डरी यायच्या.

एकदा एक गिऱ्हाईक बाई दारातच म्हणाली, "दीदी, वो काहून बे बोलके दिखाओ ना."

आईनं खाली बघत डबा दिला. "सीधा पकड़ना."

कौमुदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, आता साधं लिहिते."

"नको. मधेच बदललं तर पेज दुसऱ्याचं वाटते, तूच सांगतलं."

"मग यावेळी काय दम देशील?"

"मले काय विचारतं? तुले येते."

त्यानंतर महिनाभर आई घरातही हिंदीच बोलली. दर बुधवारचा दम कौमुदीनं स्वतःच लिहिला. हुबेहूब जमला, याचीच तिला लाज वाटली.