प्रकाशाचे दोन गुण

नव्या बाईंनी घटक चाचणीचा आराखडा परीक्षाप्रमुखांपुढे ठेवला. तीन धडे, वीस गुण, आडवी-उभी बेरीज चोख. फक्त ‘प्रकाश’पुढे शून्य होतं.

परीक्षाप्रमुख म्हणजे देव भेटला तरी आधी त्याची बेरीज तपासणारा माणूस.

“शून्य कसं? आधीच्या सरांनी धडा घेतला होता ना?”

“तो शिकवता शिकवताच वर्गात प्राण गेला त्यांचा. पोरांना पुन्हा तिथे कशाला न्यायचं?”

“अभ्यासक्रमात आहे, बाई. दोन गुण तरी द्या.”

बाईंनी चडफडत ‘उष्णता’चा दोन गुणांचा सोपा लघुत्तरी प्रश्न काढला आणि तेवढाच सोपा ‘प्रकाश’वर घातला. वीसची बेरीज हलली नाही. पाण्यातलं नाणं वर आल्यासारखं का दिसतं?

पेपर तपासताना मात्र त्यांनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. हुशार असो की ढ, प्रत्येकाने एकच वाक्य लिहून एकाच जागी सोडलं होतं : “नाणं असतं तिथे दिसत नाही, आणि दिसतं तिथे”

सर तिथवरच बोलले होते.

राहिला होता एकच शब्द, ‘नसतं’. बाईंनी लाल पेन टेकवलं, समोर सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तो लिहायला काही केल्या त्यांचा हात धजेना.